फोटोतलं मांजर उचलायचं कसं, आणि उचलल्यावर हातात नेमकं काय येतं

फोटो उघडायचा, त्यातल्या वस्तूवर बोट दाबून धरायचं, वस्तूभोवती चमकती रेघ फिरते आणि ती मागच्या दृश्यातून सुटी होते. आयफोनवर ही सोय आयओएस १६ बरोबर, म्हणजे २०२२ मध्ये आली. जमायला दोन सेकंद पुरतात. घोळ होतो तो त्यानंतर. कापलेलं चित्र सेव्ह केलं तर त्यामागे पांढरं दिसतं, मित्राला पाठवलं तर त्याच्याकडे काळं दिसतं, छापायला दिलं तर अपेक्षेपेक्षा लहान निघतं, आणि कधी कधी तर ते कुठे गेलं हेच सापडत नाही. हा लेख त्या घोळासाठी आहे. उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू: खुर्चीवर बसलेल्या मांजराचा एक उभा फोटो.

आधी काय लागेल ते पाहू.

- आयफोन एक्सएस, एक्सआर किंवा त्यानंतरचा फोन, म्हणजे ए१२ किंवा त्यापुढची चिप असलेला. आयफोन ८ आणि आयफोन एक्स यांच्यावर आयओएस १६ चढतं, पण ही सोय त्यांच्यावर चालत नाही. तिथे सेटिंग्ज शोधत बसू नका. फोनच पुरत नाही.
- आयओएस १६ किंवा पुढची आवृत्ती. स्टिकर करायचं असेल तर आयओएस १७ पासून पुढे.
- मूळ फोटो. त्याचा स्क्रीनशॉट नको. कारण पुढे येईलच.
- फाइल्स हे ॲप. ते फोनमध्ये असतंच, पण या कामात त्याची गरज किती पडते हे बहुतेकांना उशिरा कळतं.

इंटरनेट लागत नाही. कापण्याचं काम फोनमध्येच होतं, फोटो कुठे पाठवला जात नाही. एकच अपवाद: फोटोची पूर्ण प्रत आयक्लाउडवर असेल आणि फोनमध्ये फक्त लहान प्रत असेल, तर फोटो उघडल्यावर पूर्ण प्रत उतरेपर्यंत थांबा. धूसर दिसणारा फोटो स्वच्छ झाला की मगच बोट ठेवा.

## १. फोटो पूर्ण उघडा

फोटोज ॲपमध्ये लहान लहान चौकोनांची जाळी दिसते. तिथेच एखाद्या चौकोनावर बोट दाबून धरलं तर तिथेही मेन्यू येतो आणि त्यातही Copy लिहिलेलं असतं. नवखा माणूस इथेच फसतो. त्या Copy ने अख्खा फोटो कॉपी होतो, मांजर सुटं होत नाही. म्हणून आधी फोटोवर एकदा टिचकी मारून तो पूर्ण पडदाभर उघडा. एडिट चालू असेल तर त्यातून बाहेर या.

सफारीत एखाद्या पानावरचं चित्र असेल तर रीत थोडी निराळी आहे. चित्रावर बोट दाबून धरलं की मेन्यू येतो, त्यात Copy Subject असा पर्याय दिसतो. तो दिसत नसेल तर फोनला त्या चित्रात वेगळी काढण्यासारखी वस्तू सापडलेली नाही असं समजा.

व्हिडिओतूनही वस्तू उचलता येते. व्हिडिओ हव्या त्या क्षणी थांबवा आणि मग दाबून धरा. व्हिडिओची चौकट फोटोपेक्षा बरीच लहान असते, त्यामुळे हाती येणारं चित्रही लहानच असेल.

## २. बोट ठेवा, रेघ फिरू द्या, मग उचला

मांजराच्या अंगाच्या मधोमध बोट ठेवा आणि हलवू नका. साधारण सेकंदभरात अंगाभोवती उजळ रेघ फिरते. रेघ दिसल्यावर बोट उचललंत तर मेन्यू येतो. बोट न उचलता सरकवलंत तर मांजर बोटाला चिकटून फोटोबाहेर निघतं. दोन्ही रस्ते उपयोगाचे आहेत, दुसऱ्याबद्दल पुढे.

रेघ आली नाही तर घाबरण्यासारखं काही नसतं, पण कारण ओळखता आलं पाहिजे. वस्तूवर अक्षरं छापलेली असतील आणि बोट नेमकं अक्षरांवर पडलं असेल, तर फोन मजकूर निवडायला लागतो. निळी खूण दिसते. बोट कोऱ्या भागावर ठेवा. फोटो हलता, म्हणजे लाइव्ह प्रकारचा असेल आणि दाबल्यावर तो चालायला लागला, तर बोट वस्तूच्या कडेला किंवा बाहेर पडलेलं असतं; पुन्हा मधोमध दाबा. तरीही काहीच होत नसेल, तर फोनच्या हिशेबी त्या फोटोत ठळक अशी वस्तूच नाही. डोंगराची रांग, भरलेलं कपाट, गवताचा पट्टा यांत पुढे काय आणि मागे काय हे फोन ठरवू शकत नाही.

रेघ फिरताना एकदा नीट पाहून घ्या. तीच तुमची कापणी आहे. मांजरासोबत खुर्चीची पाठ उजळली, तर खुर्चीची पाठही सेव्ह होणार. एकमेकांना टेकलेल्या दोन वस्तू बहुतेकदा एकत्रच निघतात. फोटोज ॲपमध्ये ही रेघ हाताने दुरुस्त करायची सोय नाही: ब्रश नाही, खोडरबर नाही. दुरुस्ती करायची तर ती आधी, म्हणजे फोटोत करावी लागते.

## ३. कापणी सुधारायची असेल तर आधी फोटो छाटा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि कापणीचा दर्जा सगळ्यात जास्त इथेच सुधारतो. त्यामागचं कारण कळलं की युक्ती पाठ करावी लागत नाही.

ॲपलच्या मशीन लर्निंगच्या चमूने २०२३ मध्ये ही यंत्रणा कशी चालते ते लिहून प्रसिद्ध केलं. फोटो कितीही मोठा असला तरी वस्तू ओळखणाऱ्या न्यूरल नेटवर्कला, म्हणजे वस्तू ओळखायला शिकवलेल्या संगणकी जाळ्याला, तो ५१२ बाय ५१२ पिक्सेल इतका लहान करून दाखवला जातो. ते जाळं त्या छोट्या चित्रावर वस्तूचा साचा काढतं. मग तो साचा ताणून मूळ फोटोच्या मापाचा केला जातो, आणि ताणताना मूळ फोटोतल्या कडा पाहून केस, लव अशा बारीक गोष्टी जमतील तितक्या परत बसवल्या जातात.

आता आपल्या मांजराचा हिशेब करू. फोटो ३०२४ बाय ४०३२ पिक्सेलचा आहे, म्हणजे नेहमीचा १२ मेगापिक्सेलचा उभा फोटो. तो ५१२ बाय ५१२ झाला की आडवे सुमारे ६ आणि उभे सुमारे ८ मूळ पिक्सेल मिळून जाळ्याला एकच ठिपका दिसतो. मांजराच्या मिश्या या फोटोत असतील तीन पिक्सेल जाड. त्या ठिपक्यात त्या विरघळून जातात. म्हणून मांजर उचललं की मिश्या तोंडाजवळ तुटलेल्या दिसतात, आणि शेपटीचं टोक कधी गोल होतं तर कधी गायब. फोनने निष्काळजीपणा केलेला नसतो. त्याला त्या मिश्या दिसलेल्याच नसतात.

उपाय असा. फोटोची दुसरी प्रत करा: तीन ठिपक्यांच्या मेन्यूत Duplicate आहे. त्या प्रतीत Edit मध्ये जाऊन छाटणी करा, म्हणजे चौकट मांजराभोवती आणा. मात्र अगदी अंगाला चिकटवू नका. चारही बाजूंनी मांजराच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतकी तरी मोकळी जागा ठेवा, कारण पुढचं आणि मागचं ओळखायला फोनला मागचं थोडं दिसावं लागतं. समजा छाटलेला फोटो १८०० बाय २१०० पिक्सेलचा झाला. आता एका ठिपक्यात आडवे साडेतीन आणि उभे चार पिक्सेल येतात. कानांची टोकं धारदार होतात, शेपटी शाबूत राहते. मिश्या सगळ्या येतीलच असं नाही, पण जाड असतील त्या येतात. छाटणीने मांजराचे पिक्सेल कमी होत नाहीत, फक्त बाजूची फालतू जागा जाते. म्हणून या युक्तीत तोटा काही नाही. Done दाबा, आणि छाटलेल्या प्रतीवर पुन्हा बोट दाबून धरा.

खुर्चीची पाठ सोबत येत असेल तर छाटणीची चौकट खुर्चीची पाठ बाहेर राहील अशी बसवून पाहा. ते शक्य नसेल तर Markup मध्ये जाऊन खुर्चीचा तेवढा भाग मागच्या भिंतीच्या रंगाने जाड रंगवून टाका. सुबक दिसायची गरज नाही, तो भाग कापून जाणारच आहे. फक्त मांजराच्या कडेला रंग लागू देऊ नका. जिथे लागेल तिथे कडा खराब होईल.

काळं मांजर काळ्या खुर्चीवर असेल तर यातलं काहीच फार चालणार नाही. जाळ्यालाच कड दिसत नाही. शक्य असेल तर मागे उजळ कापड ठेवून फोटो पुन्हा काढा. वीस मिनिटांच्या खटपटीपेक्षा ते सोपं आहे.

## ४. मेन्यूतला प्रत्येक पर्याय वेगळ्या ठिकाणी नेतो

बोट उचलल्यावर येणाऱ्या छोट्या मेन्यूत Copy, Share आणि (आयओएस १७ पासून) Add Sticker असे पर्याय दिसतात. फोनला वस्तू ओळखता आली तर Look Up ही दिसतं. त्याने माहिती मिळते, सेव्ह काही होत नाही. बाकीच्या तिघांचं काय होतं ते सावकाश पाहू, कारण «सेव्ह केलं होतं पण सापडत नाही» ही तक्रार इथेच जन्माला येते.

Copy ने काहीच सेव्ह होत नाही. चित्र फोनच्या तात्पुरत्या जागेत जातं. ते लगेच नोट्स, मेल किंवा तत्सम ॲपमध्ये पेस्ट केलं तरच राहतं. त्या जागेत एका वेळी एकच गोष्ट मावते. मांजर कॉपी केलं, मग एखादा ओटीपी कॉपी केला, की मांजर गेलं. फोटोजमध्ये किती शोधलं तरी ते तिथे कधी नव्हतंच.

Share उघडल्यावर आणखी दोन महत्त्वाचे रस्ते फुटतात. Save Image निवडलं की कापलेलं मांजर नवा फोटो म्हणून फोटोज ॲपमध्ये जातं. मूळ फोटोला धक्का लागत नाही. मूळ पुसला तरी कापलेलं राहतं. सेव्ह झालेलं चित्र लगेच दिसलं नाही तर तारखेच्या क्रमाने शोधण्यापेक्षा Recents मध्ये पाहा. आयओएस १८ वर Recently Saved नावाचा विभाग आहे. दुसरा रस्ता Save to Files. तिथे तुम्ही फोल्डर निवडता, नाव देता, आणि चित्र खरीखुरी फाइल म्हणून बसतं. कापलेलं चित्र पुढे कुणाला द्यायचं असेल, छापायचं असेल किंवा संगणकावर वापरायचं असेल तर हाच रस्ता धरा. का, ते सहाव्या टप्प्यात.

Add Sticker ने मांजर इमोजीच्या कीबोर्डमधल्या स्टिकरच्या कप्प्यात जातं. फोटोज ॲपमध्ये त्याची प्रत पडत नाही. तिथे त्याला कडेची पांढरी रेघ, चकाकी असे प्रकार देता येतात, आणि लाइव्ह फोटो असेल तर हलतं स्टिकरही होतं. गप्पांत डकवायला हे छान आहे. पण स्टिकर म्हणजे जतन केलेलं पूर्ण मापाचं चित्र नव्हे. छापायच्या कामासाठी स्टिकर करून ठेवणं ही चूक आहे.

चौथा रस्ता मेन्यूत नाही: सरकवणं. मांजर बोटाला चिकटलं असताना ते बोट तसंच ठेवा, दुसऱ्या हाताच्या बोटाने पडद्याच्या तळापासून वर सरकवून होम स्क्रीनवर या, नोट्स किंवा फाइल्स उघडा, आणि मग पहिलं बोट हव्या त्या जागी नेऊन सोडा. पहिल्यांदा हात गुंततात. मधेच पहिलं बोट उचललं गेलं तर मांजर आपल्या जागी परत जातं, बिघडत काही नाही.

फाइल्स ॲपमध्ये आधीच पडलेल्या चित्रासाठी आणखी सरळ मार्ग आहे. फाइलवर दाबून धरा, Quick Actions मध्ये जा, Remove Background निवडा. शेजारी नवी फाइल तयार होते, जुनी तशीच राहते. इथे बोट कुठे ठेवायचं हा प्रश्नच नसतो, पण कुठली वस्तू घ्यायची तेही फोनच ठरवतो.

## ५. सेव्ह झालेलं चित्र तपासा: पांढरं मागे आहे की मागे काहीच नाही?

आता मुख्य गोष्ट. कापलेल्या चित्रात मांजराच्या बाहेरचे पिक्सेल पांढरेही नसतात आणि काळेही नसतात. ते पारदर्शक असतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा या तीन रंगांखेरीज चौथा आकडा असतो, तो पिक्सेल किती झाकणारा आहे हे सांगणारा. त्याला अल्फा म्हणतात. मांजराच्या पोटावर तो पूर्ण असतो, बाहेर शून्य, आणि लवीच्या कडेला मधला.

फोटोज ॲपला मात्र काहीतरी दाखवावं लागतं. म्हणून चित्रामागे ॲपची स्वतःची पाटी दिसते: उजळ रंगसंगतीत पांढरी, गडद रंगसंगतीत काळी. उघडलेल्या चित्रावर एकदा टिचकी मारा. वरखालची बटणं लपतात आणि पाटी काळी होते. पांढऱ्याची काळी झाली तर पारदर्शकता शाबूत आहे. टिचकी मारल्यावरही मांजराभोवती पांढरा चौकोन तसाच राहिला तर पारदर्शकता गेली, आणि त्या जागी खरे पांढरे पिक्सेल बसले आहेत. दोन सेकंदांची ही परीक्षा प्रत्येक वेळी घ्या. पाठवल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

याच काळ्या पाटीवर आणखी एक दोष दिसतो. मांजर उजळ भिंतीसमोर बसलं असेल तर लवीच्या कडेला फिकट झालर दिसते. कडेच्या पिक्सेलमध्ये थोडं मांजर आणि थोडी भिंत मिसळलेली असते. कापताना भिंतीचा तो अंश कडेबरोबर येतो. पांढऱ्यावर ती झालर लपते, गडद रंगावर उठून दिसते. म्हणून चित्र गडद पार्श्वभूमीवर लावायचं ठरलं असेल तर मूळ फोटोही शक्यतो गडद किंवा मध्यम रंगाच्या भिंतीसमोर काढा.

सावली येत नाही, हेही लक्षात ठेवा. मांजर खुर्चीवर टेकलेलं होतं. नव्या पानावर ते तरंगताना दिसतं. सावली हवी तर ती नंतर वेगळी द्यावी लागते. काचेच्या वस्तूचं उलट होतं: पेला उचलला तर काचेतून दिसणारं मागचं दृश्य पेल्यासोबतच येतं, कारण फोनच्या दृष्टीने ते पेल्याच्या आतलं असतं.

नंतर चित्र वर सरकवा किंवा माहितीचं बटण दाबा. तिथे दोन गोष्टी वाचा: माप आणि प्रकार.

मापाने बऱ्याच जणांची निराशा होते. मूळ फोटो ३०२४ बाय ४०३२ होता, आणि कापलेलं चित्र साधारण १२०० बाय १५००. काही बिघडलेलं नाही. फोन मांजराभोवती घट्ट बसणारा आयत घेतो आणि बाकीचं टाकून देतो. मांजर मूळ फोटोतच तेवढं होतं. हे माप छपाईला पुरेल का, ते भागाकाराने कळतं: चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरा. १२०० भागिले ३०० म्हणजे ४ इंच, १५०० भागिले ३०० म्हणजे ५ इंच. यापेक्षा मोठं छापलं की मांजर मऊ दिसायला लागेल. मोठं हवं असेल तर फोटो काढतानाच जवळ जा.

स्क्रीनशॉट नको म्हणालो ते यासाठीच. आयफोन १४ च्या पडद्याचे पिक्सेल ११७० बाय २५३२. मांजराचा फोटो पडद्यावर मावून दिसत असताना त्याचा स्क्रीनशॉट घेतला तर ३०२४ पिक्सेल रुंदीचे ११७० होतात. मग १२०० पिक्सेल रुंद मांजर उरतं साधारण ४६० पिक्सेलचं. छापलं तर दीड इंच.

प्रकाराच्या जागी पीएनजी लिहिलेलं असेल तर उत्तम. तो प्रकार पारदर्शकता ठेवतो आणि जवळजवळ सगळीकडे उघडतो. `HEIF` दिसलं तरी पारदर्शकता असू शकते, पण जुन्या संगणकावर किंवा फॉर्म भरायच्या संकेतस्थळांवर ते अडतं. जेपेग दिसलं तर पारदर्शकता नाहीच. त्या प्रकारात अल्फाला जागाच नसते.

पीएनजीच्या आकाराने दचकू नका. हा प्रकार चित्रातला एकही पिक्सेल बिघडवत नाही, म्हणून तो फुगतो. लव, पट्टे असलेलं मांजर कापलं की फोटोचा तुकडा अख्ख्या फोटोपेक्षा जास्त एमबीचा होऊ शकतो.

## ६. पाठवताना पारदर्शकता कशी सांडते

बहुतेक गप्पांची ॲप्स फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबून जेपेग करतात. जेपेगमध्ये पारदर्शक असं काही नसतं, मग रिकाम्या जागी एक रंग भरावाच लागतो: कुठे पांढरा, कुठे काळा. तुमच्या फोनवर चित्र ठीक आणि समोरच्याकडे काळा चौकोन, याचं कारण हेच. समोरच्याने ते सेव्ह करून तुम्हाला परत पाठवलं तरी पारदर्शकता परत येत नाही.

व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर चित्र आधी Save to Files ने फाइल करा. मग जोडणीच्या खुणेतून Document निवडा आणि ती फाइल उचला. फाइल जशीच्या तशी जाते. तिथेच फोटोचा पर्याय घेतला तर दाबलं जाणार. मेलने पाठवताना फोनने आकार विचारला तर Actual Size निवडा. एअरड्रॉपने गेलेलं चित्र सुखरूप पोचतं.

समोरच्याला खात्री करायला सांगा: चित्र रंगीत पानावर ठेवून बघ. कीनोटमध्ये किंवा कुठल्याही स्लाइडच्या ॲपमध्ये पानाला लाल रंग द्यायचा आणि त्यावर चित्र टाकायचं. मांजराभोवती लाल दिसलं तर सगळं पोचलं. चौकोन दिसला तर वाटेत सांडलं, आणि पाठवणाऱ्यानेच फाइल म्हणून पुन्हा पाठवायला हवं.

## ७. पीएनजीच हवं असेल तर

काही ठिकाणी पीएनजीखेरीज दुसरं घेतच नाहीत. नेहमी लागत असेल तर शॉर्टकट्स ॲपमध्ये एकदाच छोटी साखळी बांधून ठेवा. नवा शॉर्टकट उघडा आणि या क्रिया याच क्रमाने जोडा:

```
Select Photos
Convert Image  →  PNG
Save File
```

Save File मधला Ask Where to Save हा खटका चालू ठेवा. चालवला की फोटो निवडायला सांगतो, मग फाइल कुठे ठेवायची ते विचारतो. Convert Image च्या खाली Preserve Metadata नावाचा खटका आहे. फोटो कुठे काढला ही माहिती बाहेर जायला नको असेल तर तो बंद ठेवा. या साखळीत निवडायचा फोटो म्हणजे आधी कापून Save Image केलेला. अख्खा फोटो दिलात तर अख्ख्या फोटोचंच पीएनजी होईल. आणि पारदर्शकता एकदा गेलेली असेल तर पीएनजी केल्याने परत येत नाही, फक्त पांढरा चौकोन पीएनजी होतो.

## सॅमसंगच्या फोनवर

गॅलक्सी फोनवर अशीच सोय वन यूआय ५.१ बरोबर २०२३ मध्ये आली. गॅलरीत फोटो पूर्ण उघडून वस्तूवर दाबून धरायचं. तिथल्या मेन्यूत Copy आणि Share सोबत Save as image थेट मिळतं, त्यामुळे शेअरमधून वळसा घ्यावा लागत नाही. बाकी वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू होतं: Copy म्हणजे सेव्ह नव्हे, गॅलरीत मागे दिसणारी काळी पाटी चित्राची नाही, आणि गप्पांत फोटो म्हणून पाठवलं की चौकोन होणार. लाल पानाची परीक्षा तिथेही तशीच घ्यायची.